पॅरी जमवताना: बटण दाबण्यापासून रिपोस्टपर्यंत

तलवारबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये ढाल धरून ब्लॉक करायला वेळ साधावी लागत नाही. बटण धरून ठेवलं आणि तोंड शत्रूकडे असलं की वार अडतो. त्याची किंमत स्टॅमिनात जाते, आणि तो संपला की गार्ड तुटून पुढचा वार थेट अंगावर येतो. पॅरीत, म्हणजे नेमक्या क्षणी वार झटकून टाकण्यात, हिशेब वेगळा. तिथे बटण दाबल्यावर हालचालीचे तीन टप्पे होतात: हात उचलण्याचा, वार झेलला जाण्याचा आणि हात परत आणण्याचा. पॅरी फक्त मधल्या टप्प्यात लागते. पहिल्या किंवा तिसऱ्या टप्प्यात वार आला तर तो खावा लागतो.

मी हे 'एल्डन रिंग'मध्ये बकलर वापरून पक्कं केलं. ही छोटी ढाल ब्लॉकला कमजोर आहे, पण तिची पॅरी सोयीची. ढाल डाव्या हातात, शस्त्र उजव्या हातात एकहाती धरलेलं, आणि पॅरी प्लेस्टेशन कंट्रोलरच्या L2 बटणावर. शस्त्र दोन्ही हातांत धरलं की L2 वर त्या शस्त्राचं स्किल चालतं, पॅरी नाही. नवखे बहुतेक इथेच अडकतात.

आता वेळेचं गणित. आकडे समजण्यापुरते घेतो, प्रत्येक ढालीचे वेगळे असतात. 60 एफपीएसला एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. समजा पहिला टप्पा 8 फ्रेमचा आणि मधला 6 फ्रेमचा. म्हणजे बटण दाबल्यावर 133 मिलिसेकंदांनी पॅरी सुरू होते आणि 233 ला संपते. वार या दोन क्षणांच्या मध्ये पोहोचला पाहिजे. तलवार अंगाजवळ दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो, कारण डोळ्यांनी पाहून बोट हलायलाच 200 ते 250 मिलिसेकंद जातात. म्हणून नजर पात्यावर न ठेवता शत्रूच्या खांद्यावर आणि कोपरावर ठेवायची. वार मागे खेचल्यापासून अंगावर येईपर्यंतचा ताल पाठ करायचा आणि त्या तालावर दाबायचं.

इथे टीव्ही घात करतो. नाशिकला कॉलेज रोडवरच्या कॅफेतल्या मॉनिटरवर बसलेला ताल सिडकोतल्या घरच्या टीव्हीवर चुकतो, तेव्हा दोष हाताचा नसतो. गेम मोड बंद असलेला टीव्ही चित्र, समजा, 80 मिलिसेकंद उशिरा दाखवत असेल, तर पडद्यावर वार लागताना दिसतो त्याच्या 213 ते 313 मिलिसेकंद आधी दाबावं लागेल. आधी गेम मोड चालू करा, मगच सराव करा.

चूक ओळखायला कन्सोलवर क्लिप रेकॉर्ड करून सावकाश चालवायची. वार लागताना ढाल अजून वर जात असेल तर दाबायला उशीर झाला, खाली परतत असेल तर घाई झाली. क्लिपमध्ये टीव्हीचा उशीर येत नाही, त्यामुळे खेळाच्या आतलं खरं अंतर त्यातच दिसतं. हा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

सराव साध्या तलवारबाज शिपायावर करावा. मग 'एल्डन रिंग'मधल्या स्टॉर्महिल एव्हरगाओल या बंदिस्त जागेतला बॉस, क्रूसिबल नाइट. त्याचे तलवारीचे वार पॅरी होतात, पाय आपटण्याचा हल्ला होत नाही. तो तलवार वर नेऊन मध्येच थांबतो, आणि लोक त्या थांबण्याला फसून लवकर दाबतात. हात पुढे सुटेपर्यंत थांबायचं. एक वार नीट पाठ झाला की मगच दुसरा घ्यायचा.

'सेकिरो'त (2019) हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे ब्लॉक आणि डिफ्लेक्ट, म्हणजे तिथली पॅरी, एकाच L1 वर आहेत. थोडं लवकर दाबून बटण धरून ठेवलं तर वार निदान ब्लॉक होतो, म्हणून चूक स्वस्त पडते. पण ब्लॉकने आपला पोश्चर, म्हणजे भरला की तोल तुटतो तो पट्टा, जास्त भरतो, तर अचूक डिफ्लेक्टने शत्रूचा. बटण सटासट दाबत राहिलं की डिफ्लेक्टची वेळ आखडत जाते. त्यामुळे प्रत्येक वाराला एक दाब, मध्ये बटण सोडायचं. पडक्या मंदिराबाहेरचा हानबेई मरत नाही, त्याच्यावर ही सवय लागते.

'एल्डन रिंग'मध्ये पॅरी लागल्यावर रिपोस्ट, म्हणजे कोलमडलेल्या शत्रूवरचा जबर उलटा वार, आपोआप होत नाही. काही बॉसना एकापेक्षा जास्त पॅरी लागतात, क्रूसिबल नाइटला एक पुरते. तो कोलमडला की त्याच्या अगदी समोर, जवळ जाऊन R1 दाबायचं. बाजूने किंवा लांबून दाबलं तर साधाच वार जातो आणि संधी हातची जाते. त्या थोड्या वेळात उजव्या हातात मिसेरिकॉर्ड ही कट्यार घेतली तर नुकसान वाढतं, कारण अशा वाराचा जोर ठरवणारा तिचा क्रिटिकल आकडा 140 आहे, तर बहुतेक तलवारींचा 100. रिपोस्टची हालचाल चालू असताना आपल्याला इजा होत नाही, पण ती संपताच बाजूचा दुसरा शिपाई मोकळा असतो. म्हणून गर्दीत मी आधी बाजूचे शत्रू संपवतो, पॅरी शेवटच्या एकासाठी ठेवतो.