मोठी की छोटी: बडोद्यातल्या गाडीचा हिशेब

«अगं, साडेतीन लाखांचाच तर फरक आहे, हप्त्यात कळणारसुद्धा नाही. मग मोठीच का घेऊ नये?»

अहो, दर दोन दिवसांनी विचारताय, म्हणून एकदाचं कागदावर मांडते. जेवताना आकडे सांगितले की ते वरणात बुडतात.

आपल्या यादीत दोनच गाड्या उरल्यात. छोटी म्हणजे 1,197 सीसीची पेट्रोल हॅचबॅक, शोरूम किंमत 7 लाख 80 हजार. मोठी म्हणजे 1,497 सीसीची पेट्रोल एसयूव्ही, शोरूम किंमत 11 लाख 40 हजार. दोन्ही मॅन्युअल. फरक 3 लाख 60 हजार, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण हा फरक कशाचा आहे, ते आधी बघा.

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आत लांबी आणि 1,200 सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर 18 टक्के. यातली एक अट जरी मोडली तरी 40 टक्के. आपली मोठी गाडी दोन्ही अटी मोडते. शोरूम किमतीत हा कर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तो वेगळा दिसत नाही. काढायचा तर मोठीची किंमत 1.40 ने भागायची आणि छोटीची 1.18 ने. मोठी येते 8 लाख 14 हजार, छोटी 6 लाख 61 हजार. म्हणजे गाडी म्हणून जास्तीचं जे मिळतं, ते लोखंड, इंजिन, डिकी, उंची सगळं धरून, 1 लाख 53 हजारांचं. उरलेले 2 लाख 7 हजार निव्वळ कर. साडेतीन लाख जास्त देऊन आपण दीड लाखाची गाडी जास्त घेतोय, ही गोष्ट शोरूममधला मुलगा कशाला सांगेल?

त्यावर गुजरातचा 6 टक्के रोड टॅक्स आहे: छोटीला 46,800, मोठीला 68,400. विमा कोटेशनप्रमाणे छोटीला 38 हजार आणि मोठीला 50 हजार. दोन्ही इंजिनं 1,000 ते 1,500 सीसीच्या गटात येतात, त्यामुळे तीन वर्षांचा थर्ड पार्टीचा भाग दोन्हीकडे सारखाच, 10,640 रुपये. सगळा फरक गाडीच्या किमतीवर ठरणाऱ्या भागातला आहे. मोठीच्या कोटेशनमध्ये 11,400 रुपये टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, म्हणूनही दिसतील, कारण 10 लाखांच्या वरच्या गाडीवर पूर्ण किमतीच्या 1 टक्का तो कापतात. ते तुमच्या रिटर्नमध्ये वळते होतात, म्हणून मी खर्चात धरले नाहीत. ते सोडून रस्त्यावर येईपर्यंत छोटी 8,64,800 ला पडते आणि मोठी 12,58,400 ला. फरक 3,93,600 झाला.

आता हप्ता. दोन्हीकडे आपले 3 लाख रोख, बाकी कर्ज, 9 टक्के, पाच वर्षं. या हिशेबाने लाखामागे महिन्याला 2,076 रुपये बसतात. छोटीचा हप्ता 11,724, मोठीचा 19,895. महिन्याला 8,171 जास्त. तुम्हाला शोरूममध्ये हा फरक साडेतीन-पावणेचार हजारांचा वाटला, कारण त्या कागदावर मोठीचं कर्ज सात वर्षांचं मांडलं होतं आणि छोटीचं पाच वर्षांचं. सात वर्षांत मोठीचा हप्ता 15,420 वर येतो खरा, पण व्याज 2 लाख 35 हजारांवरून 3 लाख 37 हजारांवर जातं. शिवाय पाच वर्षांनी गाडी विकायला काढलीत, तर बँकेचे आणखी सुमारे 3 लाख 37 हजार देणं उरलेलंच असेल. ते फेडून आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. दोन गाड्यांचे हप्ते ताडून पाहायचे तर मुदत एकच हवी.

पाच वर्षांत हप्त्यांपायी जास्त जाणारी रक्कम 4 लाख 90 हजार. यात किंमत, रोड टॅक्स, पहिला विमा आणि व्याज आलं, म्हणून हे पुन्हा मोजायचं नाही.

पेट्रोलचं सांगते. दांडिया बाजार ते मकरपुरा जीआयडीसी जाऊन-येऊन, वर बाजार, देऊळ, अधूनमधून अहमदाबाद, असं वर्षाला 9,000 किलोमीटर धरलंय. अॅव्हरेज मात्र जाहिरातीतलं घेतलेलं नाही. तो आकडा ठरलेल्या चाचणीतला असतो. त्यात खंडेराव मार्केटसमोरची संध्याकाळ नसते. छोटीला 16 आणि मोठीला 12 धरले आहेत. पटत नसेल तर मोठी गाडी असलेल्या तुमच्या मित्राला विचारा, पण «किती देते?» असं नको, त्याला सगळे फुगवूनच सांगतात. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, चार-पाचशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं आणि चाललेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागायचे. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा याहून थोडा जास्तच असतो.

16 आणि 12 च्या हिशेबाने वर्षाला 187 लिटर जास्त, 95 रुपये दराने 17,800 रुपये, पाच वर्षांत 89 हजार.

दुसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या विम्यात सरासरी 6,000 चा फरक धरला, म्हणजे 24 हजार. टायर 45 हजार किलोमीटरच्या सुमाराला, बरोबर पाचव्या वर्षी बदलावे लागतील. 14 इंची चार टायर 20 हजारांत होतात, 17 इंचींना 38 हजार लागतात. आणखी 18 हजार. सर्व्हिसिंगचा फरक मी सोडून दिला, तुमच्या बाजूने.

बेरीज 6 लाख 21 हजार.

यातून वजा काय होणार? विकताना मोठीचे जास्त पैसे येतील, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो हिशेबात घ्यायलाच हवा. बाजारभावावर आपण दोघं वाद घालत बसू, म्हणून विमा कंपन्यांची घसाऱ्याची पट्टी घेतली: चार ते पाच वर्षांच्या गाडीला शोरूम किमतीच्या 50 टक्के वजावट. त्याने मोठी 5,70,000 ला जाईल आणि छोटी 3,90,000 ला. 1 लाख 80 हजार परत आले. उरले 4 लाख 41 हजार, म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला 7,350. समजा मोठीला मागणी जबरदस्त राहिली, ती 60 टक्क्यांना गेली आणि छोटी 50 लाच राहिली, तरी 3 लाख 27 हजारांचा खड्डा राहतोच. रोड टॅक्स, विमा आणि व्याज विकताना कोणी परत देत नाही.

तुम्ही म्हणाल, पाण्याचं काय? ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते साऱ्या बडोद्याने पाहिलंय, आणि अलकापुरीचं रेल्वेखालचं गरनाळं तर दर पावसाळ्यात भरतं. पण दोन्ही गाड्यांच्या ग्राउंड क्लिअरन्समध्ये फरक 25 मिलिमीटरचा, म्हणजे एका बोटाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. तेवढ्याने पूर अडत नाही. इंजिन जातं ते बहुधा पाण्यात उभं राहून नव्हे, पाण्यात स्टार्टर मारल्याने. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान «परिणामी हानी» म्हणून नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, ते छोटीच्या 38 हजारांत धरलेलं आहे. तरी पाणी शिरल्यावर गाडी सुरू करून पाहायची नाही, ढकलून किंवा टो करूनच न्यायची. सुरू करून इंजिन बिघडवलं तर ते कव्हर असूनही क्लेमवर वाद घालायला कंपनीला जागा मिळते.

सुरक्षेत मी तडजोड केलेली नाही. छोटीच्या आपण निवडलेल्या मॉडेलला सहा एअरबॅग आणि गाडी घसरायला लागली की तिला सावरणारी ईएससी आहे. ईएससी नसती तर हा हिशेब मी मांडलाच नसता. भारत एनसीएपीच्या धडक-चाचणीचे तारे बघताना मात्र ते आपल्याच व्हेरिएंटला लागू आहेत का, एवढं विचारून घ्या.

उरली वर्षातली एक लांबची सहल, सहा माणसं आणि सामान. त्यात तर मोठीही पुरत नाही, तीही पाचच जणांची. सात जणांची टॅक्सी चार दिवसांना, रोजचे किमान 300 किलोमीटर धरून 15 रुपयांनी, 18 हजार आणि ड्रायव्हरचा भत्ता. सात हजारांच्या महिन्यांतले तीन महिने बाजूला ठेवले की ती सहल झाली.

एकच गोष्ट मला कागदावर मांडता येत नाही, ती म्हणजे सीटची उंची. छोटीत आईंना खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना गुडघ्यांवर जोर येतो. मोठीत त्या सरळ मागे टेकतात. म्हणून शनिवारी त्यांना बरोबर घेऊन जाऊ. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नको, बाहेर रस्त्यावर टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत, मागच्या दाराने, चपला घालून तीन-चार वेळा बसू-उठू दे. दाराच्या वरचं हॅण्डल धरून त्यांना सहज उठता आलं तर छोटीचं बुकिंग करू. तेव्हा कोटेशनवर «हँडलिंग» किंवा «लॉजिस्टिक» नावाची ओळ असेल तर ती खोडायला लावा, तसं काही मी वरच्या हिशेबात धरलेलं नाही. आईंना हात द्यावा लागला, तर महिन्याचे 7,350 त्यांच्या गुडघ्यांचे समजून मी मोठीला हो म्हणेन, आणि मग मुदत पाच वर्षांचीच ठेवू.