तुम्ही विचारलंत म्हणून: हनुवटीवरचे ते सात-आठ केस

"ताई, हनुवटीवर सात-आठ कडक केस येतात. उपटले तर दुप्पट येतात म्हणे, कापले तर राठ होतात म्हणे. मग करू तरी काय?"

दुप्पट येत नाहीत आणि राठही होत नाहीत. पण या दोन्ही समजुतींना डोळ्यांना दिसणारं काहीतरी कारण आहे, म्हणून ते आधी बघू.

न कापलेला केस टोकाला निमुळता असतो, म्हणून बोटाला मऊ लागतो. कापला की टोक बोथट होतं आणि बोट फिरवलं की ते टोचतं. जाडी तीच, फक्त टोक बदललेलं. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी हे मोजून पाहिलं होतं, आणि वस्तऱ्यामुळे केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही असंच त्यांना आढळलं. उपटण्याचं गणित वेगळं आहे. एका भोकातून एकच केस येतो, पण हनुवटीवरच्या प्रत्येक केसाचं पंचांग स्वतंत्र असतं. आज सात उपटले म्हणजे हनुवटीवरचे सगळे गेले असं नाही. काही केस अजून कातडीखालीच असतात आणि ते चार-पाच दिवसांनी डोकं वर काढतात. बघणारीला वाटतं, उपटलेलेच दुपटीने परतले. शिवाय चाळिशीनंतर, किंवा पाळी जायच्या सुमारास, जी लव आजवर दिसत नव्हती तिच्यातला एखादा केस संप्रेरकांमुळे जाड आणि काळा होऊ लागतो. तो न उपटताही झालाच असता.

आता निवड. चेहऱ्यावरचा जाड केस दिवसाला साधारण ०.३ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक सेंटीमीटर. कात्रीने कातडीलगत कापला तरी तीन दिवसांत तो मिलिमीटरभर वर येतो आणि गव्हाळ कातडीवर दिसू लागतो. मुळासकट उपटला तर नवा केस आतून वाढत यावा लागतो, म्हणून दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, निवांत जातात. म्हणून माझं मत असं: केस दहाच्या आत असतील, सरळ वाढत असतील आणि तुमच्या कातडीवर फोडीचा काळा डाग महिनोन्‌महिने राहत नसेल, तर प्लकर. केस कुरळे असतील किंवा जबड्याखाली आधीच काळपट ठिपके पडलेले असतील, तर कापा. तिथे प्लकरने उपटूच नका.

प्लकर निवडताना तिरक्या टोकाचा घ्या. दोन्ही पात्या उजेडासमोर धरून मिटा. मध्ये फट दिसली तर तो केस पकडणार नाही, फक्त चिरडेल. आपल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये ठेवलेल्या स्वस्त प्लकरच्या टोकाला गंज धरतो, आणि गंजलेलं टोक घसरतं. वापरून झाला की पुसून कोरड्या डबीत ठेवा.

वेळ रात्रीची धरा, आंघोळीनंतरची. इथे गोव्यात सकाळी आवरून लगेच स्कूटरवर बसायचं असतं, आणि हेल्मेटचा पट्टा नेमका हनुवटीखाली, घामाने भिजलेला, ताज्या उघड्या भोकांवर घासतो. दुसऱ्या दिवशी पुरळ उठलं की दोष प्लकरला मिळतो. उजेडाचं मात्र उलट: केस सकाळी बाल्कांवात किंवा खिडकीशी उभं राहून शोधा, बाजूने येणाऱ्या उजेडात. पांढरे जाड केस समोरच्या दिव्यात दिसतच नाहीत, बोट फिरवूनच सापडतात. कुठे किती आहेत ते लक्षात ठेवा आणि रात्री तेवढेच काढा. दहापट मोठं दाखवणारा आरसा घरात असेल तर तो फक्त पकडण्यापुरता. शोधायला साधा आरसा, हातभर अंतरावर. मोठ्या आरशात सगळी लव जंगलासारखी दिसते, आणि मग पाच मिनिटांचं काम तासभर चालून हनुवटी लाल होते.

चेहरा साध्या साबणाने धुवा. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटं हनुवटीवर ठेवा. सोसवेल इतकाच गरम. प्लकरचं टोक सर्जिकल स्पिरिटने पुसून वाळू द्या. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कातडी हलकी ताणा, केस अगदी बुडाशी पकडा आणि तो ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने एकसारखा ओढा. हिसका नको, उलट्या दिशेने तर नकोच. हिसक्याने केस कातडीखाली तुटतो. तो वर येताना बाजूला वळून मांसात शिरतो आणि लाल गाठ उठते, तिच्या जागी पुढे काळा ठिपका राहतो. बरोबर निघाला की नाही हे लगेच कळतं: निघालेल्या केसाच्या बुडाला बारीक गोळा दिसतो. गोळा नसून टोक सपाट असेल तर तो तुटला. त्या जागी पुन्हा खोदू नका, तो केस वर येईपर्यंत थांबा. झाल्यावर थंड पाण्याचा रुमाल ठेवा आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. अत्तर, आफ्टरशेव्ह, लिंबू यांतलं काही त्या रात्री नको. दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचं असेल तर काम दोन दिवस आधीच उरका.

कापायचं असेल तर तीन वाटा. चारच केस असतील तर गोल टोकाची, नाकातल्या केसांसाठी मिळते ती कात्री पुरते. केस मिलिमीटरभर उरतो, पण कातडीला काहीच होत नाही. दहा-पंधरा असतील तर चेहऱ्याचा छोटा बॅटरीवरचा ट्रिमर. तो अगदी कातडीला टेकून कापत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांनी पुन्हा फिरवावा लागतो, आणि नेमकं याच कारणाने केस आत वळत नाही. तिसरी वाट भुवयांसाठी मिळणाऱ्या एका पात्याच्या रेझरची. सर्वांत साफ दिसतं, पण केस कडक असतील तर कोरड्यावर नको. साबणाचा फेस किंवा जेल लावा, वाढीच्या दिशेने एकदाच फिरवा, आणि इथे मात्र कातडी ताणू नका. ताणून कापलं की सोडल्यावर केस कातडीच्या आत ओढला जातो आणि तुटलेल्या केसासारखाच आत वाढतो. पातं पाच-सहा वेळा वापरलं की टाका.

दोऱ्याने थ्रेडिंग मी हनुवटीला सुचवत नाही. भुवईला ठीक आहे, पण हनुवटीवर दोरा सात कडक केसांबरोबर शेकडो लवेचे केस ओढतो आणि त्यांतले बरेच तुटतात. चवथीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये गर्दी असते. घाईत ओढलेल्या हनुवटीवर आरतीच्या वेळी पुरळ उठलेलं असतं. करायचंच असेल तर तीन दिवस आधी करा. केस काढायची क्रीम चालते, पण चेहऱ्यासाठी असं लिहिलेलीच घ्या. आदल्या दिवशी जबड्याखाली थोडी लावून बघा आणि वेळ घड्याळावर मोजा. दोन मिनिटं जास्त ठेवली तर भाजल्यासारखा डाग राहतो.

एक उदाहरण मांडते, म्हणजे हे सगळं कसं जुळतं ते दिसेल. समजा बेचाळीस वर्षांची बाई, नऊ केस. पाच हनुवटीच्या मध्यावर, काळे आणि सरळ. तीन डाव्या जबड्याच्या कडेला, वळलेले, त्यांतल्या एकाच्या बुडाशी गाठ आणि तपकिरी ठिपका. नववा हनुवटीवरच्या तिळातून आलेला. पाच सरळ केस शनिवारी रात्री प्लकरने काढायचे, आणि मग पंधरा दिवसांनी दिसतील तेवढेच. रोज आरसा नाही. जबड्याचे तीन ट्रिमरने, आठवड्यातून दोनदा. गाठीला पुढचे तीन-चार आठवडे कुठलंच ओढणं नाही. रोज रात्री कोमट रुमाल, आणि केसाचा फासा कातडीवर दिसला तरच प्लकरच्या स्वच्छ टोकाने फक्त उचलून मोकळा करायचा, उपटायचा नाही. ठिपक्यावर दिवसा सनस्क्रीन, नाहीतर गोव्याच्या उन्हात तो गडद होत राहील. तिळातला केस कात्रीने कापायचा. उपटल्याने कर्करोग होतो ही भीती खोटी आहे, पण तीळ सुजतो आणि मग तीळच बदलला का याचा उगाच घोर लागतो. तीळ आपणहून वाढत, रंग बदलत किंवा रक्त येत असेल तर मात्र दाखवायलाच हवा.

लेझरचा विचार डोक्यात असेल तर आजपासूनच प्लकर बाजूला ठेवा. लेझर केसातला काळा रंग पकडून मूळ जाळतो. केसच उपटलेला असेल तर पकडायला काही नसतं, म्हणून आधीचे चार ते सहा आठवडे फक्त कापायचं. पांढऱ्या केसावर तो चालत नाही. तिथे सुईने एकेक मूळ जाळणारं इलेक्ट्रॉलिसिस लागतं. आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या बायकांना जबड्यावरच्या नुसत्या लवेवर लेझर घेतला तर कधीकधी लव उलट जाड होते, म्हणून सात केसांसाठी सगळा जबडा लेझरखाली नेऊ नका.

केस सातांचे तीस व्हायला वर्ष-सहा महिनेच लागले, पाळी लांबू लागली, आवाज जाडावला किंवा डोक्यावरचे केस पुढून विरळ झाले, तर आधी रक्तातली संप्रेरकं तपासून घ्या. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, त्वचेचा आणि स्त्रीरोगाचा, दोन्ही विभाग आहेत. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधासकट. डोक्याला लावलेलं ते रात्री उशीवरून गालापर्यंत उतरतं आणि तिथेही केस वाढवतं.