खोक्यांच्या कारखान्याची केस आणि तक्त्यातला एक आकडा

बेलापूरच्या आमच्या व्यवस्थापन संस्थेतील एका निवृत्त प्राध्यापकांनी वर्गातल्या चर्चेसाठी लिहिलेल्या केसची, म्हणजे एका उद्योगापुढच्या पेचाच्या वर्णनाची, एकच छापील प्रत उरली होती. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याने ती ग्रंथालयात मोबाइलवर टिपून मला पाठवली आणि पुढच्या तासासाठी आम्ही दोघे टीचिंग नोट, म्हणजे शिकवणाऱ्यासाठी मुद्द्यांचे आणि प्रश्नांचे टिपण, करायला बसलो.

केस महापे परिसरातील पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची होती. माल ग्राहकांकडे उशिरा पोहोचत होता आणि दुसरे पंचिंग यंत्र घ्यावे की नाही, हे संचालकांना ठरवायचे होते. मजकूर स्वच्छ वाचता येत होता, पण यंत्राच्या आठवड्याच्या वेळेचा तक्ता नेमका पानाच्या घडीत आला होता. उपलब्ध वेळ ९६ तास, प्रत्यक्ष उत्पादन ५४, बंद वेळ १२. डाय, म्हणजे पुठ्ठा खोक्याच्या आकारात कापणारा साचा, बदलून सेटिंग करण्याच्या वेळेचा आकडा मात्र २० आहे की ३०, ते कळेना. बेरीज जुळवली तर ३० येत होते, पण एवढ्यावर विसंबणे मला पटले नाही, कारण तक्त्यात एखादी ओळ सुटलेली असू शकते. पुढे मजकुरात आठवड्याला २० वेळा डाय बदलतात आणि प्रत्येक वेळी दीड तास जातो, असे वाक्य सापडले, तेव्हाच ३० हा आकडा पक्का धरला.

सहकाऱ्याने कळीचा मुद्दा म्हणून ‘उशिरा होणारी पाठवणी’ असे लिहिले होते.

“मॅडम, संचालकांची तक्रार तीच आहे ना?” त्याने विचारले.

“तक्रार तीच आहे, पण कारण ३० तासांत आहे,” मी म्हटले. विक्री विभाग लहानसहान ऑर्डरी स्वीकारत होता, त्यांची किंमत ठरवताना सेटिंगचा वेळ कोणीच धरत नव्हते आणि म्हणून यंत्र अपुरे वाटत होते. नोटमध्ये हाच मुद्दा पहिला आला.

पर्याय तीन होते : नवे यंत्र, काही काम बाहेरून करून घेणे, किंवा सारख्या डायच्या ऑर्डरी एकत्र करणे. तिसऱ्या पर्यायात डायबदल २० वरून १२ वर आले, तर १२ तास सुटतात. रखडलेले काम १० तासांचे होते. हिशेब आकर्षक असला, तरी एकत्र करण्यासाठी थांबवलेली ऑर्डर कोणाची आणि तो ग्राहक किती थांबेल, हे त्याच्या शेजारी लिहिणे मला आवश्यक वाटले, नाहीतर वर्ग या पर्यायाला फार लवकर मान डोलावतो.

चर्चेचा पहिला प्रश्न ‘समस्या कोणती?’ असा ठेवला नाही, कारण त्यावर विद्यार्थी मजकूरच वाचून दाखवतात. ‘तुम्ही संचालक असता, तर यंत्राच्या खरेदीवर आज सही केली असती का?’ असा प्रश्न ठेवला, म्हणजे बाजू घ्यावी लागते आणि तक्ता उघडावा लागतो. सेटिंगचा खर्च ऑर्डरीच्या किमतीत कसा धरावा, हा दुसरा प्रश्न. आणि सुटलेल्या वेळेतून फक्त दोन तास शिल्लक राहत असताना एखादी मोठी ऑर्डर आली तर काय, हा प्रश्न तिसरा पर्याय निवडणाऱ्यांसाठी शेवटी राखून ठेवला.