आधी पाय ओळखा, नंबर मागाहून

"पहिले क्लाइंबिंग शूज घ्यायचे आहेत. नेहमीच्या मापापेक्षा किती नंबर लहान घेऊ? आणि जिमसाठी घेतलेले कड्यावर चालतील का?"

नंबरापासून सुरुवातच करू नका. या शूजवर बहुधा युरोपियन नंबर असतो. त्यात एका नंबराचा फरक साधारण साडेसहा मिलिमीटरचा आणि अर्ध्या नंबराचा जेमतेम सव्वातीनचा. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा निराळा. म्हणून "दोन नंबर लहान घे" हा सल्ला एका बुटाला बरोबर लागू पडतो आणि दुसऱ्या बुटात नख काळंनिळं करतो. बघायचं ते हे, की पाय आत गेल्यावर कुठे पोकळी उरते का. अंगठ्यापुढे किंवा टाचेमागे पोकळी राहिली, तर बारीक खोबणीवर उभं राहताना पाय बुटाच्या आत सरकतो आणि बूट दगडावरून सुटतो. घट्टपणा हवा तो एवढ्यासाठीच.

माझ्या भाचीचं उदाहरण सांगते. ती चिपळूणची, नोकरीला नवी मुंबईत. जिममध्ये भाड्याचे बूट घालून चढायची आणि थंडीत ग्रुपबरोबर सुळके करायचं तिच्या मनात होतं. आम्ही आधी तिचे पाय कागदावर ठेवून आखले, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर उभं राहून आणि आपल्याकडच्या दमट उकाड्याने पाय थोडा सुजतो. डावा पाय 241 मिलिमीटर, उजवा 244. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा किंचित लांब. चवडा चांगलाच रुंद. कोकणात लहानपण अनवाणी नाहीतर चपलेत जातं, त्यामुळे असे पसरट चवडे आपल्याकडे पुष्कळ दिसतात.

दुकानात तिने पहिल्यांदा उचलला तो पुढून खाली वाकलेला आणि टोक अंगठ्याकडे वळलेला बूट. जिममधली तयार मुलं तसलेच घालतात. असा बूट ज्याचा अंगठा सगळ्यात लांब आहे त्याच्या पायाला जुळतो. हिच्या पायात मात्र लांब असलेलं दुसरं बोट आधी टेकलं, त्याचा सांधा वर दुमडून चामड्याला घासायला लागला आणि अंगठ्यापुढे जागा मोकळीच राहिली. दुखलं ते दुखलंच, वर अंगठ्याचा जोर टोकापर्यंत पोचेना. हाच बूट मोठ्या नंबरात घेतला असता तर दुखणं थांबलं असतं, पण टाच सैल झाली असती. आकार जुळत नसेल तर नंबर बदलून काही साधत नाही, तो बूट सरळ बाजूला ठेवावा. बोटं जवळजवळ एका रांगेत असतील, तर पुढून रुंद आणि बोथट टोकाचा बूट शोधावा लागतो.

मग तिने सपाट तळाचा, टोक मध्याकडे असलेला, नाडीचा बूट घातला. रुंद चवड्याला नाडी बरी पडते, कारण चवड्यावर सैल आणि वर घोट्याकडे घट्ट अशी बांधता येते. 39 नंबरात टाचेमागे करंगळीचं टोक शिरत होतं, म्हणजे मोठा. 38 मध्ये दुसऱ्या बोटाच्या सांध्यावर एकाच जागी टोचत होतं. 38.5 मध्ये सगळी बोटं पुढे टेकली, सांधे किंचित वर आले, पण ठणका कुठेच नाही. मोजे न घालता दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायला सांगितलं. मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याकडची बाजू टेकवून उभं राहायचं. टाच आतल्या आत उचलली जात नाही ना, चवडा बाजूला ओघळत नाही ना, हे तिथे लगेच कळतं. सगळीकडून सारखा दाब येणं ठीक आहे. एकाच ठिकाणी टोचणं, किंवा टाचेमागच्या शिरेवर कड रुतणं, पुढेही सहसा जात नाही.

तो बूट अस्तर नसलेल्या चामड्याचा होता, म्हणून आम्ही 38.5 वरच थांबलो. असं चामडं वापरून जवळजवळ एक नंबरापर्यंत सैलावतं. अस्तर असेल तर त्याहून कमी, आणि सिंथेटिक बूट फारसा सैलावत नाही. तोच बूट सिंथेटिक असता, तर दुकानात जसा बसला तसाच राहणार हे धरून निवडला असता.

आता कडकपणा. बुटाच्या तळात एक पट्टी असते, ती जितकी कडक तितका बारीक कडेवर पायाला आधार. मऊ बुटात दगड तळव्याला कळतो आणि खोबण नसलेल्या उतारावर रबर पसरून चिकटतं, पण बारीक कडेवर सगळं वजन बोटांच्या स्नायूंना पेलावं लागतं. नवशिक्याच्या पायात ती ताकद अजून आलेली नसते. वजनाचाही हिशेब आहे: एकाच बुटावर 80 किलोचा माणूस उभा राहिला तर तो वाकतो, 50 किलोच्या मुलीखाली वाकत नाही. तिच्यासाठी मध्यम कडक पुरेसा होता. अंगाने भारी असाल तर एक पायरी वर जा.

जिम आणि कडा यांतला खरा फरक इथेच येतो. जिममध्ये होल्ड ठळक, भिंत बऱ्याचदा अंगावर येणारी, आणि दोन-चार मिनिटांत खाली उतरून बूट काढायचा. म्हणून तिथे मऊ, वाकडा, अतिघट्ट बूटही चालून जातो. सह्याद्रीचा काळा बसाल्ट वेगळा. बऱ्याच ठिकाणी बोटभर रुंदीच्या आडव्या कडांवर उभं राहायचं असतं, आणि सुळक्यावर जोडीदाराचा दोर सांभाळत बिले देताना तासन्‌तास बूट पायातच राहतो. जिममध्ये पाच मिनिटं सोसलेला बूट तिथे दुसऱ्या टप्प्याला नकोसा होतो. उन्हाने तापलेल्या कातळावर रबर मऊ पडतं आणि कड पकडत नाही, म्हणून पहाटे लवकर भिडायचं. एकच जोडी घेणार असाल तर कड्याला जमेल अशी घ्या: सपाट, मध्यम कडक, बोटं जवळजवळ सरळ. जिममध्ये ती चालते. उलट मात्र होत नाही.

पायथ्यापर्यंतचा घसारा साध्या बुटांनीच चढा, क्लाइंबिंग शूज पाठपिशवीत. घसाऱ्यावर चाललात तर टोकाची धार गोल होते, आणि नव्या बुटात तुम्ही पैसे मोजलेले असतात ते त्या धारेसाठी. किनाऱ्याजवळच्या जांभ्याच्या कड्यांवर शिकायला जाऊ नका. जांभा वरून कडक दिसला तरी खालचा मऊ असतो, होल्ड हातात सुटून येतो, आणि त्याचा खरखरीत पृष्ठभाग रबर भराभर खातो.

टोकाचं रबर पातळ होऊन आतली पट्टी दिसायच्या आधी बूट नव्या तळासाठी द्या. भोक पडल्यावर दुरुस्ती महाग पडते आणि बूट पूर्वीसारखा बसत नाही. घामेजलेले बूट पिशवीत कोंबू नका आणि बंद गाडीतही ठेवू नका, उष्णतेने गोंद सुटतो. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चामड्यावर आठवड्याभरात बुरशी येते. आत कोरा कागद भरून बूट हवेशीर जागी ठेवा आणि कागद ओलसर लागला की बदला.