अधोरेखित क्रियापदातील चूक शोधताना: माझा अनुभव

इंग्रजीच्या पेपरात एक वाक्य देऊन त्यातील तीन क्रियापदांखाली रेघ मारलेली असते. त्यांपैकी चुकीचे कोणते ते ओळखायचे किंवा ‘नो एरर’ हा चौथा पर्याय निवडायचा. या प्रश्नांत माझे गुण सतत जात होते. सुरुवातीला मी वाक्य मनात वाचून जिथे कानाला खटकेल तिथे खूण करत असे. मात्र सोडवलेले सराव पेपर पुन्हा तपासले तेव्हा लक्षात आले की माझ्या बहुतेक चुका एकाच प्रकारच्या आहेत: कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये बरेच शब्द आले की मी फसत होतो.

ज्या वाक्याने माझे डोळे उघडले ते असे होते: ‘द क्वालिटी ऑफ द बुक्स दॅट आर केप्ट इन द लायब्ररी हॅव इम्प्रूव्ह्ड सिन्स द न्यू लायब्रेरियन टुक चार्ज.’ रेघा ‘आर केप्ट’, ‘हॅव इम्प्रूव्ह्ड’ आणि ‘टुक’ यांच्याखाली होत्या. मी ‘टुक’ चुकीचे ठरवले, कारण ‘सिन्स’ असेल तर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ हवे, एवढाच नियम मी पाठ केला होता. तो नियम मुख्य क्रियापदाचा आहे. ‘सिन्स’च्या पुढे जी घटना सांगितलेली असते ती बदलाची सुरुवात दाखवते आणि म्हणून तिथे साधा भूतकाळच योग्य असतो. ‘टुक’ बरोबर होते आणि ‘दॅट’ हा शब्द ‘बुक्स’कडे बोट दाखवत असल्यामुळे ‘आर केप्ट’ही बरोबर होते. चूक ‘हॅव इम्प्रूव्ह्ड’मध्ये होती, कारण सुधारला तो दर्जा, पुस्तके नव्हेत. तिथे ‘हॅज’ हवे होते.

हे मला दिसले का नाही, याचा मी बराच विचार केला आणि उत्तर आपल्या मराठीत सापडले. आपण ‘पुस्तकांचा दर्जा सुधारला आहे’ असे म्हणतो. पुस्तके आधी येतात, दर्जा नंतर येतो आणि क्रियापदाच्या अगदी शेजारी बसतो. ‘मुलाने कविता वाचली’, ‘मुलाने निबंध वाचला’ या वाक्यांतही क्रियापद शेजारच्या नामाप्रमाणेच बदलते. म्हणजे शेजारचे नाम पाहून क्रियापद जुळवण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते आणि मराठीत ती बहुधा दगा देत नाही. इंग्रजीत मुख्य नाम आधी येते, ‘ऑफ’पासूनचे शब्द त्याच्यामागे येतात आणि क्रियापदाशेजारी भलतेच अनेकवचन उभे राहते. प्रश्न काढणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

त्यानंतर मी वाचण्याची पद्धत बदलली. वाक्य पूर्ण वाचून अर्थ लावण्याऐवजी मी थेट पहिल्या अधोरेखित क्रियापदावर जातो, ‘हे कोणाचे?’ असे विचारतो आणि मधले शब्द वगळून फक्त कर्ता व क्रियापद एकत्र वाचतो. कागदावर असेल तर ‘ऑफ’, ‘दॅट’, ‘हू’ किंवा ‘ॲलाँग विथ’पासून सुरू होणारा तुकडा पेन्सिलीने कंसात टाकतो, संगणकावरील परीक्षेत पडद्यावर खूण करता येत नसेल तर तोच तुकडा नजरेने ओलांडतो. ‘क्वालिटी हॅव इम्प्रूव्ह्ड’ एवढेच वाचले की कान लगेच तक्रार करतो. माझा कान वाईट नव्हता, मी त्याला नको इतके शब्द ऐकवत होतो. कर्ता जुळला तरच मी काळ दाखवणाऱ्या शब्दाकडे वळतो, म्हणजे ‘यस्टरडे’, ‘सिन्स’ किंवा ‘बाय द टाइम’ यांच्याकडे, आणि प्रत्येक शब्द कोणत्या क्रियापदाशी बांधलेला आहे ते पाहतो.

ही पद्धत सर्वत्र चालत नाही, आणि हे मला पुन्हा गुण घालवूनच कळले. ‘नाइदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट’ या वाक्यात मी पहिला कर्ता धरून ‘वॉज’ हवे असे ठरवले. पण परीक्षेत पाळल्या जाणाऱ्या नियमानुसार ‘नॉर’ आणि ‘ऑर’च्या जोडीत क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते. ‘वन ऑफ द बॉइज हू हॅव पास्ड’ इथेही घाई नडते, कारण ‘हू’ हा ‘बॉइज’शी जोडलेला असतो, त्याच वाक्यात ‘द ओन्ली वन’ आले की मात्र ‘हॅज’ लागते. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ला अनेकवचनी आणि ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ला एकवचनी क्रियापद लागते. म्हणून ‘नॉर’, ‘वन ऑफ’ आणि ‘नंबर ऑफ’ दिसले की मी कंस टाकत नाही, आधी थांबतो.

‘नो एरर’ हा पर्याय मी पूर्वी तिन्ही ठिकाणी काहीच खटकले नाही म्हणून निवडत असे. आता प्रत्येक अधोरेखित क्रियापदाचा कर्ता मला शब्दाने सांगता आला, तरच तो निवडतो. एकाचाही सांगता आला नाही तर त्याच क्रियापदाकडे परत जातो.