सायकल बावीस इंची होती

दुपारी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात शेजारचे नाना दारात. हातात दुरेघी कागद. आण्णांची, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची, शोकसभा रविवारी. "भाषण लिहिलंय गं. पण मध्येच रडू आलं तर काय म्हणायचं, तेवढं लिहून दे."

भाषणं लिहून मागणारे पुष्कळ भेटतात, रडण्याची तजवीज करणारे नानाच पहिले. मला मात्र मागणी एकदम पटली. आमच्या शाळेत शिपाईकाकांच्या निरोपाला पर्यवेक्षक बोलायला उभे राहिले होते. एरवी हा माणूस खडू फेकून मारणारा. "सकाळी घंटा द्यायला..." इथपर्यंत आले आणि थांबले. मग "माफ करा" म्हणाले. समोरून कुणीतरी "असू दे सर, असू दे" म्हटलं, मागून टाळ्या सुरू झाल्या. त्या मायेनं सर पार कोसळले आणि खाली बसले. घंटेचं पुढे काय, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हापासून माझा "माफ करा"वर राग आहे. त्या दोन शब्दांनी सभेचं लक्ष गेलेल्या माणसावरून उठतं आणि बोलणाऱ्यावर येऊन बसतं. मग सगळे त्याला सांभाळायला लागतात, आणि सांभाळलं की माणूस जास्तच रडतो. ("शब्द अपुरे पडतात" यावरही आहे राग, पण तो वेगळ्या कारणानं.)

नानांना म्हटलं, आधी मोठ्यानं वाचून दाखवा. मनात वाचून गळा कुठे अडकतो ते समजत नाही. "प्रेमळ", "कष्टाळू", "आधारवड" हे सगळं ते खणखणीत वाचून गेले. मग आलं, "आण्णानं मला सायकल शिकवली. मागून सीट धरून पळायचा. कधी सोडली ते मला कळलंच नाही." 'सोडली'वर आवाज वर चढला आणि चिरकला. बहुतेकांचं असंच होतं. मोठ्या विशेषणांवर कुणी रडत नाही, सीटवर रडतात. तिथे पेन्सिलीनं फुली मारली.

आता फुलीपाशी काय लिहायचं? रडू दाटतं तेव्हा शरीराला भरपूर हवा हवी असते, म्हणून ते घसा सताड उघडा ठेवू बघतं. आपण आवंढा गिळायला जातो, तर गिळण्यासाठी तो मिटावा लागतो. त्या ओढाताणीचा गोळा आपल्याला लागतो. म्हणून आधी श्वास पूर्ण सोडायचा, घोटभर पाणी प्यायचं, आणि मग जे म्हणायचं ते एका श्वासात मावेल एवढंच, खालच्या पट्टीत. शिवाय त्यात भावना नको. आकडा, वस्तू, गावाचं नाव असलं काहीतरी कोरडं हवं. मी विचारलं, "सायकल कुठली होती?" नाना तत्काळ म्हणाले, "ॲटलस. बावीस इंची." आवाज अगदी रेशन दुकानातल्यासारखा. तेच लिहिलं, वेगळ्या ओळीवर, ठळक अक्षरात: "सायकल ॲटलसची होती, बावीस इंची."

आणि त्यानंतर 'सोडली'कडे परत जायचं नाही. तुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं की त्याच जागी पुन्हा तुटतं. लोकांनी ते मनात पुरं केलेलं असतं. सरळ पुढचा परिच्छेद.

नानांना शंका होती, हे नाटकी नाही ना वाटणार? मी त्यांना सचिनची आठवण करून दिली. १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे. आभाराच्या नावांची यादी त्यानं हातात आणली होती, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की बोलणं जरा जड जातंय, पण जमवीन. मग पहिलं नाव वडिलांचं, १९९९ साली गेलेल्या. ते छोटं वाक्य त्यानं ठरवून आणलं होतं की आयत्या वेळी सुचलं, कोण जाणे. पण त्यात माफी नव्हती, आणि लोकांना तो रडणार का याची काळजी करायचं कारण उरलं नाही. नाना म्हणाले, "सचिनची गोष्ट वेगळी." तेही खरंच.

शेवटची सोय म्हणून कागदाची एक प्रत पुतण्याच्या खिशात ठेवली, आणि तळाला वाक्य: "पुढचं हा वाचेल." बहुतेकदा ते लागत नाही. ते आहे एवढ्यानंच माणूस टिकतो.

रविवारी नाना फुलीपाशी आले आणि आवाज काही फुटला नाही. पण कागदावर लिहिलंय म्हणून त्यांनी इमानदारीत वाचलं, "सायकल ॲटलसची होती, बावीस इंची."

पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या, "चोवीस. तुमचे पाय पुरत नव्हते म्हणून तर ते मागून धरायचे."

सभा हसली. नानाही हसायला गेले आणि हसता हसता त्यांचा आवाज गेला. पुतण्या खिसा चाचपत उठला, तोवर वहिनींनी बसल्या जागेवरून पुढचं सांगायला सुरुवात केली होती.