अकरा वह्यांचा हिशेब

वर्षभरात ऑनलाइन काय काय मागवले, याची यादी खात्यातून उतरवून घेताना मला एकाच उत्तराची खात्री होती, ते म्हणजे पैसा खाल्ला तो मोठ्या खरेद्यांनी. यादी तक्त्यात उघडली, दुकानानेच दिलेल्या वर्गवारीनुसार बेरजा केल्या आणि खरोखरच एकूण खर्चाचा चौथा हिस्सा एका खुर्चीने उचललेला दिसला. पण ती खुर्ची मी तीन आठवडे विचार करून घेतली होती आणि आत्ताही तिच्यावरच बसलो होतो. बेरीज बरोबर होती, आरोपी मात्र चुकीचा होता.

अडचण वर्गवारीत होती. दुकानाचे वर्ग विकणाऱ्याच्या सोयीचे असतात. घेणाऱ्याने ती वस्तू कशासाठी घेतली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. त्यामुळे मी दोन नवे रकाने जोडले. पहिल्यात वस्तूचे साधे घरगुती नाव, म्हणजे ‘जाड पुठ्ठ्याची, रेघांची, दोनशे पानी’ वगैरे पाल्हाळ काढून नुसते ‘वही’. आणि दुसऱ्यात ती घेण्याचे कारण. ८६ ऑर्डरींत मिळून १४३ वस्तू होत्या. ऑर्डरीचा एकूण आकडा धरून बसलो असतो, तर एका ऑर्डरीतल्या तीन वस्तू एकाच वर्गात कोंबल्या गेल्या असत्या, म्हणून प्रत्येक वस्तूला वेगळी ओळ दिली. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला आडवाट नाही.

रद्द केलेल्या ९ वस्तू सरळ वगळल्या. परत पाठवलेल्या १४ वस्तूंपाशी मात्र थबकलो. त्यांचे पैसे परत आल्यामुळे खर्चाच्या हिशेबात त्यांना जागा नव्हती. पण लहर शोधायची असेल, तर त्यांच्याइतका बोलका पुरावा दुसरा कोणता? म्हणून खर्चासाठी त्या वजा केल्या आणि लहरीसाठी ठेवल्या. त्यांतल्या ११ वस्तू रात्री दहानंतर मागवलेल्या निघाल्या. हे आधी कळलेच नाही, कारण उतरवलेल्या यादीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवलेली होती, आणि कित्येक तास मागे सरकलेल्या त्या घड्याळात माझ्या रात्रीच्या खरेद्या संध्याकाळच्या शहाण्या खरेद्या भासत होत्या. भर दुपारी, कामाच्या बैठकीत असताना केलेली एक ऑर्डर भल्या सकाळची दिसली, तेव्हा कुठे शंका आली.

मग घरगुती नावांनुसार मोजणी केली आणि वर्षात ११ वह्या समोर आल्या. दुकानाने त्यांतल्या ५ कार्यालयीन साहित्यात, ४ भेटवस्तूंत आणि २ शालेय साहित्यात विखुरल्या होत्या, त्यामुळे एकाही वर्गाच्या बेरजेत त्या डोळ्यांवर आल्या नसत्या. तारखा क्रमाने लावून `=A3-A2` असे साधे वजाबाकीचे सूत्र खाली ओढले, तेव्हा दोन वह्यांमधले अंतर साधारण महिन्याचे निघाले. दोनदा तर आठवडाही गेलेला नव्हता. कपाटात पाहिले, तर ३ भरलेल्या, २ अर्ध्या आणि ६ कोऱ्या. म्हणजे एक वही भरायला मला तीन महिने लागतात आणि नवी घ्यायला एक. वारंवार होणारी खरेदी म्हणजे गरजेची खरेदी, अशी माझी समजूत होती, कारण साबणासारख्या वस्तू पुन्हा पुन्हा लागतातच. पण साबण संपतो म्हणून येतो, वही मात्र आधीची संपायच्या आत आलेली होती. फरक खरेद्यांच्या संख्येत नसून दोन खरेद्यांमधले अंतर आणि वस्तू संपायला लागणारा काळ यांच्या तुलनेत होता.

कारणाचा रकाना भरताना आठवणीवर विसंबलो असतो, तर अकराही वह्यांपुढे ‘गरज’ असेच लिहिले असते. म्हणून एक यांत्रिक कसोटी लावली. प्रत्येक ऑर्डरीतली सर्वांत स्वस्त वस्तू काढून टाकली, तर उरलेली रक्कम मोफत घरपोच सेवेच्या मर्यादेखाली जाते का, हे पाहिले. अशा १९ ऑर्डरी सापडल्या आणि त्यांतल्या ७ मध्ये ती स्वस्त वस्तू वहीच होती. शुल्क वाचवण्यासाठी घेतलेल्या या ७ वह्यांपैकी ५ तर त्या शुल्कापेक्षा महाग होत्या. अर्थात ही कसोटी केवळ संशय दाखवते; खरोखरच हवी असलेली स्वस्त वस्तूही तिच्यात सापडू शकते, आणि त्या सातांतली एक वही तशी होतीही.

पैशांच्या दृष्टीने या सगळ्या वह्या मिळून वर्षाच्या खर्चाचे जेमतेम दोन टक्के भरले, तेव्हा त्या बंद करून मी श्रीमंत होणार नाही, हेही लिहून ठेवले. हे आकडे बहिणीला मोठ्या ऐटीत ऐकवत होतो, तर तिने मध्येच थांबवून विचारले की मागच्या महिन्यात तिच्या खात्यावरून मी जी वही मागवली, ती या अकरांत धरली आहे का.